मेलमधलं मराठी

शुभदा जाऊन दोन वर्षं झाली. लोक विचारतात तेव्हा मी सांगतो की आजार होता, हॉस्पिटल चांगलं होतं, सगळं केलं. ते खरं आहे. पण त्या उन्हाळ्यानंतर आमच्या दोघांत जे झालं ते एका मेलमुळे झालं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

मी बंगलोरात यशवंतपूरला एका वाल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होतो. आमचं गाव निपाणीकडचं, त्यामुळे मला कन्नड येतं, मराठी घरातलं, आणि इंग्रजी कामापुरतं. कामापुरतं म्हणजे ठरलेली वाक्यं. माल आला, माल तपासला, माल परत केला. त्याच्या पलीकडे माझं इंग्रजी जात नाही.

सत्त्याण्णव साली कंपनीनं मेल सुरू केली. आमच्या कारखान्यात एकच कॉम्प्युटर होता, स्टोअरच्या केबिनमध्ये. फोन लावला की मोडेम किरकिरायचा, मग मेल जायची. त्याआधी मी चिठ्ठी लिहायचो आणि टायपिस्ट ती नीट करून टाइप करायची. आता माझं मलाच टाइप करावं लागायला लागलं. मराठी अक्षरं त्यात नव्हती. इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहायचं. मी काय करायचो, जेवढं इंग्रजीत येतं तेवढं इंग्रजीत लिहायचो, आणि जिथे अडलं तिथे सरळ मराठी घालायचो. मंजुनाथ फोरमनची तक्रार असेल तर पहिलं वाक्य इंग्रजीत, 'तो ऐकतच नाही' हे मराठीत, पुन्हा पुढचं इंग्रजीत. घाईत सगळेच मराठी लोक तसं लिहितात. मित्राला चालतं. साहेबाला चालत नाही.

शुभदा मल्लेश्वरमच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. महत्त्वाची मेल असली की मी कागद छापून घरी आणायचो आणि ती पेन्सिल घेऊन बसायची. तिची एक पद्धत होती. मराठी शब्द दिसला की लगेच खोडायची नाही. आधी त्याच्या वर इंग्रजी लिहायची, आणि मगच खालचं मराठी खोडायची. पहिल्यांदा मी म्हणालो, खोडून टाक ना, कागद स्वच्छ दिसेल. ती म्हणाली की जिथे तुम्हाला इंग्रजी सुचत नाही तिथेच तुम्हाला काहीतरी सांगायचं असतं. बाकीचं सगळं तुम्ही पाठ केलेलं असतं. मग ती सूर सारखा करायची. एका वाक्यात हात जोडलेले आणि दुसऱ्यात खांद्यावर हात टाकलेला असं नको, असं तिचं म्हणणं. माझी गंमत करायची. म्हणायची, तुमची मेल म्हणजे वर शर्ट नि खाली लुंगी.

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये तिला दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं आणि सांगितलं की आजार पसरलेला आहे, औषधानं त्रास कमी होईल, पण दिवाळीपर्यंत धरून चाला. ती बाहेर बाकावर बसली होती. मी बाहेर आलो आणि म्हणालो, उपचार लांबणारे आहेत, पण होईल. तिनं मान हलवली. घरी जाताना रिक्षात तिनं शाळेच्या पेपरांबद्दल बोलायला सुरुवात केली आणि मी ऐकत राहिलो.

त्याच दिवशी संध्याकाळी मी रत्नाकरला सांगितलं.

रत्नाकर पुण्याचा. आठ वर्षांपूर्वी बंगलोरला आला तेव्हा त्याला घर मी शोधून दिलं, आमच्याच गल्लीत. तो कंपनीच्या शहरातल्या ऑफिसात विक्री आणि माल पाठवण्याचं काम बघायचा. बायको माहेरी गेली की जेवायला आमच्याकडे. शुभदाला वहिनी म्हणायचा, तिनं केलेल्या थालीपिठाला नावं ठेवायचा आणि चौथं मागायचा. त्याला सांगताना मी रडलो. तो म्हणाला, वहिनींना सांगू नकोस, आहे तेवढे दिवस नीट जाऊ देत. मला ते पटलं. मला तेच ऐकायचं होतं.

जूनमध्ये कारखान्यात ती गोष्ट घडली. एका खत कारखान्यासाठी चाळीस वाल्व्हचा लॉट तयार होता. वाल्व्ह पाण्याच्या दाबाखाली तपासल्याशिवाय सोडायचा नाही असा नियम. आमचा तपासणीचा पंप बंद पडला होता. मी आदल्या दिवशी रत्नाकरला फोन करून ते सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. ट्रक दारात उभा आहे, गिऱ्हाईक ओरडतंय, तू सर्टिफिकेटवर सही कर, तपासणीचं मी गिऱ्हाइकाशी बोलून घेतो. मला अकरा वाजता शुभदाला हॉस्पिटलला न्यायचं होतं. मी सही केली.

दोन वाल्व्ह गळले. कुणाला लागलं नाही, पण माल परत आला आणि गिऱ्हाइकाचं कडक पत्र आलं.

आमच्या प्रशासन विभागाच्या प्रमुख भाग्यलक्ष्मी मॅडम, शिमोग्याच्या. त्यांनी मला कळवलं की शुक्रवारपर्यंत मेलनं लेखी खुलासा द्या, इंग्रजीत, कारण तो मद्रासच्या डायरेक्टरांकडे आणि गिऱ्हाइकाच्या फाइलमध्ये जाणार आहे. कारखान्यात कुजबूज होती की ज्याची चूक ठरेल त्याला होस्पेटच्या युनिटला टाकणार. होस्पेट म्हणजे आठवड्यातून एकदा घरी, तेही रात्रभर प्रवास करून. शुभदाचे दिवस मोजके होते. माझं दुसरं काही म्हणणं नव्हतं. पगार कापा, बढती काढून घ्या, पण मला बंगलोरमध्ये राहू द्या.

मी केबिनमध्ये बसलो आणि नेहमीसारखं लिहिलं. त्याचा छापील कागद माझ्याकडे आहे. तो असा:

'रिस्पेक्टेड मॅडम, द लॉट वॉज रिलीज्ड बाय मी. प्रेशर टेस्ट वॉज नॉट डन. पंप बंद आहे हे मी आदल्या दिवशी रत्नाकरना फोनवर सांगितलं होतं. आय साइन्ड द सर्टिफिकेट. ट्रक उभा आहे, तू सही कर, तपासणीचं मी बघतो असं ते म्हणाले म्हणून. आय ॲम रिस्पॉन्सिबल फॉर धिस. पण मी एकटा नाही. माय अटेन्शन वॉज नॉट ऑन द वर्क. माझी बायको फार आजारी आहे, डॉक्टर म्हणतात दिवाळी बघणार नाही. हे तिला माहीत नाही. आय रिक्वेस्ट यू टू टेक सूटेबल ॲक्शन. पण मला बंगलोरच्या बाहेर पाठवू नका.'

एरवी हा कागद मी घरी नेला असता. पण त्यात तिच्याबद्दलचं ते वाक्य होतं. ते गाळून नेलं तर बंगलोरला राहायचं कारणच त्यात उरत नव्हतं. आणि तसंच नेलं तर तिला कळलं असतं. म्हणून मी तो रत्नाकरला मेल केला आणि फोनवर सांगितलं. म्हटलं, जिथे इंग्रजी सुचलं नाही तिथे मराठी ठेवलंय, त्याचं इंग्रजी कर. तुझं नाव आलंय त्यात, पण जे झालं तेच आहे.

तो म्हणाला, "खरं तेच लिही. मी आहे ना." मग हसला आणि म्हणाला, असं पाठवलंस तर मॅडम म्हणतील ही मेल आहे का मिसळ. दे इकडे, मी मराठी काढून झकास करून देतो.

गुरुवारी दुपारी त्याची मेल आली. मी डबा खाऊन केबिनमध्ये आलो होतो. शुभदाला दोन वाजता रेडिएशनसाठी न्यायचं होतं. मी मेल वाचली. घाईत वाचली हे खरं, पण वाचली. छान होती. सगळी इंग्रजीत, एका सुरात, कुठे अडखळत नव्हती. प्रत्येक वाक्य माझंच होतं, ओळखीचं होतं. माझ्या डोक्यात सगळी गोष्ट भरलेली होती, ती मी वाचताना आपोआप मधेमधे भरून घेतली. पंप, फोन, ट्रक, शुभदा, सगळं मला त्यात दिसलं. मी मॅडमचा पत्ता घातला आणि पाठवून दिली. रत्नाकरला फोन करून आभारही मानले.

सोमवारी मॅडमनी शहरातल्या ऑफिसात बोलावलं. आत गेलो तर टेबलावर बदलीचा हुकूम होता. एक तारखेपासून होस्पेट.

मी कन्नडमध्ये म्हणालो, मॅडम, मी कारण लिहिलं होतं.

त्यांनी मेलचा कागद माझ्याकडे सरकवला. कोणतं कारण, त्यांनी विचारलं. तुम्ही तर सगळं कबूल केलंय. असा स्वच्छ खुलासा मी अकरा वर्षांत पाहिला नाही.

मी उभ्यानं वाचलं. आता डोकं रिकामं होतं म्हणून जे होतं तेवढंच दिसलं. लॉट मी सोडला. दाबाची चाचणी झाली नव्हती. सर्टिफिकेटवर मी सही केली. याला मी जबाबदार आहे. माझं कामावर लक्ष नव्हतं. आपण योग्य ती कारवाई करावी ही विनंती.

सहा वाक्यं. सहाही माझी. मधलं मराठी जसंच्या तसं उचलून टाकलेलं.

मी म्हणालो, हे अर्धं आहे. माझी बायको मरायला टेकलीय. मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं. त्या कडक बाई, पण वाईट नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पाणी मागवलं. मग म्हणाल्या की हुकुमावर डायरेक्टरांची सही झाली आहे, नुसत्या बोलण्यावर तो थांबत नाही. तुमचं मूळ लिहिलेलं असेल तर ते आणा, आणि सोबत पूर्ण इंग्रजी आणा. उद्या बारापर्यंत. मी ते मराठी कळणाऱ्या कुणाकडून तरी ताडून घेईन.

बाहेर आलो. रत्नाकरचं टेबल त्याच मजल्यावर, खिडकीजवळ. तो फोनवर होता. मला बघून त्यानं फोन ठेवला. माझा चेहरा बघूनच त्याला कळलं असावं, कारण त्यानं बस म्हटलं नाही.

मी विचारलं, माझी वाक्यं कुठे गेली.

"कुठली?"

"मराठीतली."

तो म्हणाला, हळू बोल. मग म्हणाला की ऑफिसच्या मेलमध्ये घरचं दुःख शोभत नाही, रडगाणं वाटतं. प्रोफेशनल मेल अशीच असते, थोडक्यात.

"आणि पंपाचं? फोनचं? तेही घरचं दुःख होतं?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी माझा एक शब्द घातलाय का त्यात? एक दाखव. सगळं तुझं आहे. आणि तू वाचलंस, तूच पाठवलंस."

खरंच होतं. एकही शब्द त्यानं घातला नव्हता. त्यानं खोटं काही लिहिलं असतं तर मला ते दाखवता आलं असतं. मी तिथे उभा राहून ते वाक्य शोधत होतो ज्यानं मी त्याला पकडू शकेन, आणि तसं वाक्य नव्हतं.

मी म्हणालो, तुला माहीत होतं मी कशासाठी लिहिलं होतं. होस्पेटला गेलो तर मला ती दिसणार नाही, हे तुला एकट्याला माहीत होतं.

तो म्हणाला, "माझी बढतीची वेळ आहे रे, सूर्यकांत. तुझी बदली काय, वर्षभरात परत होईल."

वर्षभरात. एवढं म्हणाला आणि मग त्याच्याच लक्षात आलं. त्यानं तोंड उघडलं, पण मी निघालो होतो.

कारखान्यात जाऊन मी पाठवलेल्या मेलमधून मूळ मेल काढली आणि छापली. घरी आलो तेव्हा चार वाजले होते. शुभदा झोपली होती. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो, पुढ्यात कागद, तिचाच शब्दकोश, तिचीच पेन्सिल. पहिली दोन मराठी वाक्यं कशीबशी जमली. तिसऱ्यावर अडलो. 'पण मी एकटा नाही' याचं मी जे इंग्रजी केलं ते वाचून असं वाटत होतं की मला सोबतीला कुणीतरी हवंय. खोडलं. पुन्हा केलं. आता ते भांडण वाटायला लागलं. पुढचं वाक्य तिच्याबद्दलचं. त्याच्या वर मी काहीच लिहू शकलो नाही. 'दिवाळी बघणार नाही' असं इंग्रजीत होतच नाही. मी पेन्सिल धरून बसलो.

ती कधी उठून दारात आली मला कळलं नाही. भिंतीला धरून उभी होती.

"काय लपवताय? प्रेमपत्र?"

मी म्हणालो, कंपनीचं आहे, होईल माझं. ती म्हणाली की तुमचं होत नाही, पेन्सिल चावून झालीय. आणा.

मी कागद मांडीखाली घेतला होता. मला अजून आठवतं की मी मनात हिशेब केला. दिला नाही तर माझ्या इंग्रजीत हा कागद उद्या मॅडमपुढे टिकणार नाही. बाहेरच्या कुणाकडे नेला, तर असा एक नेऊन पाहिलाच होता. होस्पेटला जायचं की तिला हे वाचू द्यायचं, एवढंच उरलं होतं. मी हात पुढे केला.

ती पाट ओढून बसली. चष्मा घातला. ती नेहमी एकदा सबंध वाचायची, मग पेन्सिल लावायची. तसं तिनं वाचलं. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होतो. ते ओळीवरून ओळीवर गेले, मग एका ओळीवर थांबले, पुढे गेले, मागे आले.

बाहेर फुलवाल्याची हाक आली आणि गेली.

"डॉक्टर हे कधी म्हणाले?"

"एप्रिलमध्ये."

"रत्नाकरभावजींना कधी सांगितलंत?"

"त्याच दिवशी."

तिनं मान डोलवली, वर्गात मुलानं बरोबर उत्तर दिल्यावर डोलवायची तशी. "म्हणजे त्यांना दोन महिने माहीत होतं. ते जेवायला येत होते. मी त्यांना पुढच्या वर्षी दहावीला कुठलं पुस्तक लागणार ते सांगत होते. आणि ते ऐकून घेत होते."

मी म्हणालो, तुला त्रास होऊ नये म्हणून. त्यानंच सांगितलं होतं की...

"माझ्या मरणाबद्दल तुम्ही त्यांचा सल्ला घेतलात."

ती मोठ्यानं बोलली नाही. मला वाटलं ती कागद फेकेल, किंवा उठून जाईल. तिनं पेन्सिलीला टोक केलं.

पहिल्यापासून सुरुवात केली. मला प्रश्न विचारत गेली आणि मी उत्तरं देत गेलो, परक्या माणसासारखा. पंप कधी बंद पडला, तारीख. फोन किती वाजता केला. 'तू सही कर' हे कोण कुणाला म्हणालं. तिनं तो 'तू' काढला आणि रत्नाकरचं पूर्ण नाव, हुद्दा आणि वेळ घातली. म्हणाली, "मेलमध्ये रडायचं नाही नि भांडायचं नाही. तारीख लिहायची." 'पण मी एकटा नाही' याच्या वर तिनं लिहिलं की हा निर्णय माझ्या एकट्याचा नव्हता. तेवढ्यानं ते वाक्य भांडण राहिलं नाही, माहिती झालं. वर मी 'आय ॲम रिस्पॉन्सिबल' म्हटलं होतं ते तिनं काढू दिलं नाही. सही तुमची आहे, म्हणाली, ते राहू दे, त्यानंच पुढचं खरं वाटेल.

मग ती त्या ओळीवर आली.

म्हणाली, मद्रासच्या साहेबाला आपली दिवाळी कधी ते का मोजायला लावायचं, महिना लिहू. आणि तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं की माझ्या पत्नीला असाध्य आजार आहे आणि डॉक्टरांच्या मते ती ऑक्टोबरच्या पुढे जगण्याची शक्यता नाही. आजाराचं नेमकं इंग्रजी नाव तिनं मला विचारलं. मला स्पेलिंग येत नव्हतं. ती उठली, कपाटातून हॉस्पिटलची फाइल काढली, जी मी तिला कधी उघडू दिली नव्हती, आणि त्यातून बघून लिहिलं. फाइल परत कपाटात ठेवली नाही.

'हे तिला माहीत नाही' या वाक्यावर तिनं वर काही लिहिलं नाही. सरळ रेघ मारली.

मी विचारलं, हे का काढलंस?

"खरं उरलं नाही म्हणून."

शेवटचं वाक्य 'मला पाठवू नका' असं होतं. तिनं त्याचं केलं की या काळात मला बंगलोरमध्येच काम द्यावं अशी विनंती आहे, इतर कोणतीही कारवाई मला मान्य राहील. मग सगळं एकदा मनातल्या मनात वाचलं, एका ठिकाणचा फार नम्र शब्द साधा केला, आणि कागद मला दिला. सात वाजले होते. ती म्हणाली, मी पडते. मी पोळ्या केल्या. ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दोन्ही कागद टेलिफोन ऑपरेटर महानंदाला दिले. ती विजापूरची, घरी मराठी बोलणारी. तिनं बोट ठेवून ओळ न् ओळ ताडली. म्हणाली, सरी आहे मॅडम, बरोबर आहे, सगळं आलंय, फक्त एक वाक्य गाळलंय. कोणतं ते तिनं सांगितलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, तेवढं माझ्या बायकोनं काढलं. हे कुणी लिहिलं, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तिनंच.

मॅडमनी कागद पुन्हा हातात घेतला. ऑपरेटरच्या वहीतल्या फोनच्या नोंदी मागवल्या, दोन्ही दिवसांच्या वेळा जुळल्या. आठवड्यात बदली रद्द झाली. मला लेखी ताकीद, दोन वेतनवाढी बंद. रत्नाकरलाही ताकीद मिळाली, आणि बढती मिळाली नाही. पुढच्या महिन्यात त्यानं दुसऱ्या लेआउटमध्ये, लांबच्या वसाहतीत, घर घेतलं. जाताना त्याची बायको येऊन शुभदाला भेटून गेली. तो खाली टेम्पोजवळ उभा राहिला. मी वर गॅलरीत होतो. त्यानं वर पाहिलं असेल नसेल.

मला जे हवं होतं ते मिळालं. मी बंगलोरमध्ये राहिलो. कारखान्यानं मला अर्धा दिवस सुटीही द्यायला सुरुवात केली. शुभदा माझ्याशी नीट बोलायची. दुखतंय का विचारलं तर किती दुखतंय ते सांगायची, औषधाची वेळ सांगायची, शाळेच्या मुख्याध्यापिकेला काय कळवायचं ते सांगायची. माझी गंमत करणं तिनं बंद केलं. मी एकदोनदा मुद्दाम चुकीचं इंग्रजी बोलून पाहिलं. तिनं ते दुरुस्त केलं आणि पुढे गेली.

रत्नाकरनं मला फसवलं हे मी कुणालाही सांगू शकतो आणि ऐकणारा माझी बाजू घेतो. एकदा रागात मी तिलाही म्हणालो की त्या माणसानं माझ्या पाठीत सुरा खुपसला. ती उशीला टेकून बसली होती. म्हणाली, हो. तेवढंच. त्या 'हो'मध्ये काय होतं ते मला कळलं आणि मी परत तिच्यापुढे त्याचं नाव घेतलं नाही.

जुलैपासून दर पंधरवड्याला डॉक्टरांकडे जायचं होतं. पहिल्या वेळी मी सवयीनं आत जायला निघालो. तिनं फाइल माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, तुम्ही बसा. आत ती एकटी गेली. दार लागलं. वीस मिनिटांनी बाहेर आली. मी विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, उपचार लांबणारे आहेत.

सप्टेंबरच्या शेवटापर्यंत असं सहा वेळा झालं. सहाही वेळा मी बाहेर बाकावर बसलो. आत काय बोलणं व्हायचं, तिला किती दिवस सांगितले होते, तिनं काय विचारलं, ती रडली का, मला माहीत नाही. ती गेल्यावर डॉक्टर मला भेटायला बोलवत होते, हवं असेल तर सगळं सांगतो म्हणाले. मी गेलो नाही. तिनं मला ते सांगायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ते दुसऱ्याकडून काढून घेण्याचा हक्क मला राहिला नव्हता.